मुंजीतला पहिला धडा

घरातला मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की आजी-आजोबा मुंजीचा विषय काढतात आणि तरुण आईवडील कार्यालय, पत्रिका, फोटोग्राफर यांच्या मागे लागतात. त्या धावपळीत एक गोष्ट विसरली जाते. उपनयन म्हणजे मुलाला गुरूजवळ नेणे आणि त्याच्या शिक्षणाचा आरंभ करणे. दिवसभराचे सगळे विधी या आरंभाभोवती गुंफलेले आहेत.

गृह्यसूत्रांनी ब्राह्मण मुलासाठी आठवे वर्ष सांगितले, क्षत्रियासाठी अकरावे आणि वैश्यासाठी बारावे. उशीर झालाच तर अनुक्रमे सोळा, बावीस आणि चोवीस ही शेवटची मर्यादा. त्यापुढे प्रायश्चित्त घेऊन मुंज करता येते. शिवाजी महाराजांची मुंज 1674 साली, राज्याभिषेकाच्या काही दिवस आधी झाली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

महाराष्ट्रातल्या घरांत दिवसाची सुरुवात गणपतीपूजन, पुण्याहवाचन आणि देवक बसवण्याने होते. ग्रहमख बहुतेक जण आदल्या दिवशी उरकतात. मग मुलाचे क्षौर, स्नान आणि मातृभोजन. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, सोबत मुंज झालेल्या आठ मुलांची पंगत बसते. यापुढे मुलाला विद्यार्थ्याचे नियम लागणार, म्हणून आईच्या ताटातले हे शेवटचे जेवण. अनेक आयांचे डोळे इथेच भरून येतात.

नंतर बाप आणि मुलगा यांच्यामध्ये अंतरपाट धरतात, मंगलाष्टके होतात आणि मुहूर्ताला अंतरपाट दूर होतो. पाहुण्यांना वाटते, मुंज लागली, आता जेवायला बसावे. मुंजीचा गाभा मात्र इथून पुढे सुरू होतो. अग्नीसमोर मुलाला लंगोटी आणि जानवे घालतात, कमरेला मुंज गवताची मेखला तीन वेढ्यांनी बांधतात आणि हातात पळसाचा दंड देतात. या मेखलेवरूनच संस्काराला मुंज म्हणतात. जानव्याचे तीन पदर असतात, प्रत्येक पदर तीन धाग्यांचा, आणि ते ब्रह्मगाठीने एकत्र बांधलेले असतात.

मग सावित्री उपदेश. बाप मुलाला जवळ घेतो, दोघांवर वस्त्र धरतात आणि तो गायत्री मंत्र सांगतो. सांगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी एकेक चरण, मग अर्धी ऋचा आणि शेवटी सगळी ऋचा सलग. मुलाने प्रत्येक वेळी मागून म्हणायचे. पाठांतराचा हा पहिला धडा आहे आणि इथे घाई झाली तर काही उरत नाही. अंतरपाट दूर होताच सभागृहात गलका सुरू होतो, छायाचित्रासाठी वस्त्र बाजूला सारले जाते आणि बाप गुरुजींच्या मागून पुटपुटत राहतो. दुसऱ्या दिवशी मुलाला मंत्र म्हणायला सांगा. पहिल्या चरणापुढे तो अडखळला, तर धडा झालेला नाही असे समजावे.

धड्यानंतर भिक्षा. पहिली भिक्षा नाही म्हणणार नाही अशा व्यक्तीकडे मागावी, असे आश्वलायनाने सांगितले आहे. म्हणून मुलगा आधी आईपुढे उभा राहतो. शिकणाऱ्याने समाजाच्या अन्नावर वाढायचे आणि मागताना अहंकार सोडायचा, हा त्यामागचा हेतू. मेखला उतरवून विद्यार्थिदशा संपवायची, ती सोडमुंज. पूर्वी तिला अनेक वर्षे लागत. आता बहुतेक ठिकाणी ती लवकरच उरकते. त्यात मुलगा काशीला निघतो आणि मामा त्याला माघारी आणतो.

घराघरांत फरक पडतो तो मुख्यतः वेदशाखेमुळे. ऋग्वेदी कुटुंबांत आश्वलायनाचे सूत्र चालते, माध्यंदिन यजुर्वेद्यांत पारस्कराचे. त्यामुळे संध्येचे मंत्र आणि होमाचा क्रम वेगळा होतो. पुढे जानवे बदलण्याची श्रावणीही ऋग्वेदी श्रवण नक्षत्रावर करतात, यजुर्वेदी पौर्णिमेला. मुंजीसाठी वडिलांच्या घराण्याची शाखा धरतात, म्हणून गुरुजी ठरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना ती विचारून घ्या. सारस्वत, सीकेपी, दैवज्ञ यांच्याकडेही मुंजी होतात आणि देवक, आहेर, भिक्षावळ यांच्या रीती कुळागणिक बदलतात. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर बंगालमध्ये मुलाला तीन दिवस सूर्य न दाखवता एका खोलीत ठेवण्याची प्रथा आहे. तमिळ ब्राह्मणांत काशीयात्रा लग्नात येते आणि वधूचा पिता वराला परत बोलावतो. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी मुलींचेही उपनयन करते.

कुळाचार घरच्यांना विचारून ठरवा, जेवणाचा बेत आणि पाहुण्यांची यादी परवडेल तशी करा. पण मुंजीच्या महिनाभर आधीपासून वडिलांनी स्वतः गायत्री आणि संध्या नीट पाठ करावी, आणि उपदेशासाठी अर्धा तास शांतता राखण्याचे गुरुजींशी व कार्यालयाशी आधीच ठरवून घ्यावे. मुंजीच्या खर्चात कुठेही काटकसर करा, या अर्ध्या तासात करू नका.