एकाच घरात दोन प्रकारची आव



पावसाळा लागला की पाड्यांवरून आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे आव. पोटात मुरडा येतो, शौचाला चिकट आणि रक्त पडते, एवढे ऐकले की कोणीतरी दुकानातून आवेची ठरलेली गोळी आणून देतो. ही गोळी म्हणजे मेट्रोनिडाझोल. मीसुद्धा बरीच वर्षे असेच समजत होते की आव एक आणि तिचे औषधही एक. मी डॉक्टर नाही, रुग्णांना दवाखान्यापर्यंत नेणारी कार्यकर्ती आहे. पालघर जिल्ह्यातील एका पाड्यावर एकाच घरातल्या दोघांनी, एकाच आठवड्यात, माझा हा समज खोटा ठरवला. त्यातल्या एकाच्या बाबतीत माझी चूक जिवावर बेतली असती. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली रुग्ण होती चार वर्षांची मुलगी. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ती अंगणात खेळत होती. संध्याकाळी तिला सणकून ताप भरला, रात्री पातळ शौच सुरू झाले आणि सकाळपर्यंत पंधरा-वीस वेळा झाले. सुरुवातीला पाण्यासारखे होते, पुढे प्रत्येक वेळी जेमतेम चमचाभर, आणि त्यात मळ जवळजवळ नाहीच. नुसते लालभडक रक्त आणि शेंबडासारखी आव. मूल कुंथून कुंथून रडत होते. डोळे खोल गेले होते आणि ओठ सुकले होते. घरच्यांनी रात्रीच मेट्रोनिडाझोलची अर्धी गोळी कुटून दिली होती. उपयोग झाला नव्हता.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे शौच सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिथल्या डॉक्टरांनी मलाही पाहू दिले. सगळीकडे पूच्या पेशी गच्च भरलेल्या, अधूनमधून रक्तपेशी, आणि अमीबा एकही नाही. डॉक्टर म्हणाले, "ताई, ही जिवाणूंची आव आहे. हिला तुमची ती गोळी चालत नाही."

ही जिवाणूंची आव म्हणजे बॅसिलरी डिसेंट्री. तिचे जंतू शिगेला या नावाने ओळखले जातात, कारण जपानमधील कियोशी शिगा यांनी 1897 मध्ये ते शोधून काढले. हे जंतू मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतात. शरीर तिथे लढण्यासाठी पांढऱ्या पेशी पाठवते आणि त्याच पू होऊन शौचावाटे बाहेर पडतात. म्हणून आजार अचानक येतो, ताप जोरात असतो आणि शौचात पू भरलेला दिसतो. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. त्यामुळे न धुतलेल्या हातांनीच तो एका पोराकडून दुसऱ्याकडे जातो आणि एका घरात तीन-चार जण एकदम आजारी पडतात.

मुलीला ओआरएसचे पाणी घोटाघोटाने सुरू केले, चौदा दिवसांसाठी झिंकची गोळी दिली आणि जिवाणूंवरचे प्रतिजैविक दिले. औषध लागू पडते आहे की नाही, हे पाहण्याची खूण डॉक्टरांनी आईला सांगून ठेवली: दोन दिवसांत ताप उतरला पाहिजे, रक्त कमी झाले पाहिजे आणि मूल खायला मागू लागले पाहिजे. तसे झाले नाही तर परत आणायचे, कारण शिगेलाचे जंतू आता काही जुन्या औषधांना दाद देत नाहीत आणि प्रतिजैविक बदलावे लागते. जुलाब एकदम थांबवणारी गोळी मात्र द्यायची नाही, कारण त्याने विष आणि जंतू आतड्यातच अडकून राहतात. तिसऱ्या दिवशी मुलगी पेज मागू लागली.

मुलीला सोडायला घरी गेले, तेव्हा तिचा काका ओटीवर बसलेला दिसला. वय अडतीसच्या आसपास, ताडीची सवय. उजव्या बरगड्यांखाली हात दाबून तो थोडा उजवीकडे वाकून बसला होता. दहा-बारा दिवसांपासून संध्याकाळी थंडी वाजून ताप येत होता आणि रात्री घामाने अंथरूण भिजत होते. जेवण जात नव्हते. दीर्घ श्वास घेतला की बरगडीखाली कळ यायची आणि ती उजव्या खांद्यापर्यंत जायची. मलेरियाची तपासणी झाली होती, त्यात काही निघाले नव्हते.

मी त्याला विचारले, "दादा, जुलाब होतात का?" तो म्हणाला, "नाही ताई, पोट साफ आहे." मी निश्चिंत झाले. भाताची लावणी चालू होती, तेव्हा ओझे उचलून लचक भरली असेल आणि ताप थंडी-पावसाचा असेल, असे मी त्याला सांगितले. हीच माझी चूक. चार दिवसांनी त्याच्या बायकोने निरोप पाठवला, तेव्हा त्याला उठून बसवतही नव्हते.

रुग्णालयातील डॉक्टरांनी त्याच्या उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या मधल्या जागेत एका बोटाने दाबले. तो कळवळला. मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: "आता नाही, पण मागच्या तीन-चार महिन्यांत कधी आव झाली होती?" बायको म्हणाली की होळीनंतर झाली होती. दिवसातून चार-पाच वेळा, घाण वासाचे शौच, त्यात आव आणि काळपट रक्त. ताप नव्हता, म्हणून तो कामावर जात राहिला. पंधरा दिवसांनी ते आपोआप थांबले आणि सगळे विसरले.

अमीबाची आव बहुधा अशी असते. ती हळूहळू येते, माणसाला अंथरुणावर पाडत नाही आणि कधी कधी आपोआप थांबल्यासारखी वाटते. 1875 मध्ये फेडोर लोश यांनी रशियातील एका रुग्णाच्या शौचात हा अमीबा प्रथम पाहिला. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून त्याची कवचातली अंडीवजा रूपे, म्हणजे सिस्ट, पोटात जातात. आतड्यात कवच फुटते आणि बाहेर पडलेला जिवंत अमीबा मोठ्या आतड्याच्या भिंतीत शिरतो. तिथे तो सुरईच्या आकाराचे व्रण करतो: वरून तोंड अरुंद, आत पोट रुंद. या व्रणातून काही अमीबा रक्तात जातात. आतड्याचे रक्त आधी यकृताकडे जाते, म्हणून ते यकृतात पोहोचतात आणि तिथल्या पेशी मारून पोकळी करतात. हेच यकृताचे गळू. ताडी-दारू पिणाऱ्या प्रौढ पुरुषांत ते जास्त आढळते. आतड्यातली आव थांबल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी ते उघड होते. गळू झालेल्या बहुतेक रुग्णांना त्या वेळी जुलाब नसतात. माझा प्रश्न चुकला तो इथेच.

काकाचे शौच तपासले, त्यात अमीबा सापडला नाही. डॉक्टरांना त्याचे नवल वाटले नाही. गळूच्या रुग्णांच्या शौचात तो बहुधा सापडतच नाही. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात सात सेंटिमीटरचे एकच गळू दिसले आणि रक्तात अमीबाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. त्यावरून निदान पक्के झाले.

शौचाच्या तपासणीबद्दल मी तेव्हा शिकले ते इथे सांगते. अमीबाच्या आवेत पूच्या पेशी थोड्याच असतात, रक्तपेशी चिकटून गठ्ठ्याने दिसतात. खरा पुरावा म्हणजे रक्तपेशी गिळलेला, हलणारा अमीबा. तो दिसायचा तर नमुना ताजा आणि कोमट हवा, साधारण अर्ध्या तासाच्या आत पाहिलेला. पाड्यावरून दोन तास डबीत हिंदकळत आलेल्या नमुन्यात तो मरून जातो, मग अहवालात काही निघत नाही. उलट नुसत्या सिस्ट दिसल्या म्हणून आजार अमीबाचाच असेही नाही, कारण अगदी तशाच दिसणाऱ्या सिस्ट एका निरुपद्रवी अमीबाच्याही असतात.

आता उपचार. जी गोळी मुलीला निरुपयोगी होती, तीच काकाला हवी होती. मेट्रोनिडाझोल 800 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस. त्या काळात ताडी पूर्ण बंद, कारण या गोळीवर दारू घेतली तर उलट्या आणि छातीत धडधड होऊ शकते. चौथ्या दिवशी ताप गेला. तो गेला नसता, किंवा गळू फार मोठे अथवा यकृताच्या डाव्या भागात असते, तर सुई घालून पू काढावा लागला असता. डाव्या भागातले गळू हृदयाच्या आवरणात फुटण्याची भीती असते. हा पू चॉकलेटी तपकिरी असतो आणि त्याला बहुधा वास नसतो.

ताप गेला की आपले लोक घरी जायचे म्हणतात. काकाही म्हणाला. पण अजून एक औषध बाकी होते. मेट्रोनिडाझोल भिंतीतल्या आणि यकृतातल्या अमीबांना मारते, आतड्याच्या पोकळीत राहिलेले मात्र वाचू शकतात. त्यांच्यासाठी डायलोक्सानाइड फ्युरोएट 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, आणखी दहा दिवस. हे औषध राहिले तर काही महिन्यांनी गळू पुन्हा होऊ शकते आणि त्याच्या शौचातून सिस्ट विहिरीत जात राहतात. पाण्यात टाकायच्या नेहमीच्या क्लोरीनने शिगेला मरतो, पण या सिस्ट टिकतात. त्यांना मारण्यासाठी पाणी उकळावेच लागते.

तीन महिन्यांनी काकाची पुन्हा सोनोग्राफी झाली. पोकळी लहान झाली होती, पण होती. तो घाबरला. डॉक्टर म्हणाले की ताप नाही, दुखणे नाही, वजन वाढले आहे, तर औषध पुन्हा नको. ती पोकळी भरून यायला कित्येक महिने लागतात.

आता पाड्यावर गेले की मी दोन गोष्टी करते. लहान मूल तापाने फणफणले असेल आणि रक्त पडत असेल, तर घरातली आवेची गोळी बाजूला ठेवायला सांगते, ओआरएस सुरू करते आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेते. आणि एखादा माणूस उजवी बरगडी धरून, संध्याकाळच्या तापाने बसलेला दिसला, तर "जुलाब होतात का" असे विचारून थांबत नाही. "मागे कधी आव झाली होती का" हेही विचारते, आणि उत्तर काहीही आले तरी त्याला सोनोग्राफी होते तिथे घेऊन जाते.