कर्ज काढू का? आधी चार गोष्टी सांगा



शेतकी खात्याच्या गट कार्यालयात, सोसायटीच्या ओट्यावर किंवा ऊसबिल उचलायला गेल्यावर बँकेच्या दारात एक प्रश्न नेहमी कानी पडतो. "कर्ज काढावं म्हणतो, काढू का?" विचारणाऱ्याची अपेक्षा असते की, समोरच्याने हो किंवा नाही म्हणून मोकळे व्हावे. पण या प्रश्नात किती, कशासाठी, किती मुदतीने आणि कशातून फेडणार, यांपैकी एकही गोष्ट सांगितलेली नसते. या चार जागा कोऱ्या असताना जो 'काढा' म्हणतो तोही अंदाजाने बोलतो, आणि जो 'नको' म्हणतो तोही अंदाजानेच बोलतो.

ऊस उत्पादकाच्या बाबतीत यातली चौथी जागा सर्वांत नाजूक आहे. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, म्हणून त्याने महिन्याचा आकडा सांगितला की भागते. आपल्याकडे पैसा हंगामात येतो आणि तोही दर हंगामात सारखा येत नाही. सुरू ऊस बारा महिन्यांत तुटतो, खोडवाही साधारण तेवढ्यातच, पण जुलै-ऑगस्टात लावलेली आडसाल सोळा ते अठरा महिने रानात उभी असते. म्हणजे आडसालीचे रान मधला एक हंगाम बिलाविना जाते. म्हणून "माझं उत्पन्न वर्षाला अमुक लाख" एवढे सांगून चालत नाही. कोणत्या हंगामात किती टन जाणार, हे सांगावे लागते.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

एका सभासदाचे तीन एकर रान आहे. त्याने विचारले, "तीन लाख काढू का?" पहिला उलट प्रश्न असा की, कशासाठी? उत्तर आले, "विहिरीपासून वरच्या रानापर्यंत पाइपलाइन करायची आहे, आणि घरापुढची पडवीही उरकून टाकू." पाइपलाइनचे अंदाजपत्रक १,८०,००० रुपयांचे आणि पडवीचे १,२०,००० रुपयांचे. म्हणजे एका कर्जात दोन गरजा निघाल्या. पाइपलाइन टनेज वाढवू शकते, पडवी वाढवत नाही. पडवी बांधू नये असे कोणी म्हणत नाही, पण तिचा हप्ता पाइपलाइनच्या जिवावर फेडायचा बेत असेल तर तो आधीच दिसला पाहिजे.

पाइपलाइनचाही हेतू तपासावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीला किती तास पाणी टिकते? विहीर दोन तासांत उपसत असेल तर वरच्या रानात पाइप गेला तरी पाणी जाणार नाही, आणि हप्ता मात्र चालू होईल. तेव्हा कर्जाच्या अर्जाआधी एक उन्हाळा पाण्याची नोंद ठेवणे, हाच खरा अंदाज.

इथे आणखी एक वाट मोहात पाडते. पीककर्ज स्वस्त आहे, तेच उचलून पाइप टाकू, असे पुष्कळांना वाटते. राज्यात २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास व्याजसवलतींमुळे शून्य टक्क्याने पडते, हे खरे. पण त्याची मुदत पिकापुरती असते. पाइपलाइन चार-पाच वर्षांत पैसे फेडते आणि पीककर्ज मात्र ऊस तुटला की भरायचे असते. मुदत टळली की सवलत जाते, नाव थकबाकीत लागते आणि पुढच्या लागणीला खत-बेण्याचे पैसे मिळत नाहीत. पिकाचे कर्ज पिकाला आणि पाइपचे कर्ज पाइपला, अशी वाटणी ठेवावी.

आता रक्कम. पडवी बाजूला ठेवली तर अंदाजपत्रक १,८०,००० रुपयांचे राहते. बँक सहसा पूर्ण अंदाजपत्रकाएवढे कर्ज देत नाही, काही हिस्सा आपण घालायचा असतो. या सभासदाकडे ३०,००० रुपये शिल्लक आहेत, म्हणून कर्ज १,५०,००० रुपयांचे लागते. मंजूर रकमेतून शेअर्स, विमा, प्रक्रिया खर्च अशा कपाती होतात का, हेही विचारून घ्यावे. मंजुरी दीड लाखाची आणि हातात कमी, असे झाले तर काम अर्ध्यावर अडते आणि उरलेल्या पैशांसाठी हातउसने शोधावे लागते.

मग उत्पन्न. सध्या दोन एकर खोडवा आहे, तो येत्या हंगामात तुटेल. एक एकर आडसाल नुकतीच लावली आहे, ती त्याच्या पुढच्या हंगामात जाईल. खोडवा तुटल्यावर त्या दोन एकरांत हिरवळीचे खत करून पुन्हा आडसाल लावायचा बेत आहे, ती तिसऱ्या हंगामात येईल. एकरी खोडवा ३५ टन, आडसाल ५५ टन आणि टनाला हातात ३,००० रुपये धरू. पाइपलाइनमुळे वाढणारे टनेज यात धरलेले नाही. ते काट्यावर दिसेल तेव्हाच धरायचे.

पहिल्या हंगामात ७० टनांचे २,१०,००० रुपये येतात. सोसायटीचे पीककर्ज ९०,००० वळते होते आणि घरखर्चाला ६०,००० बाजूला काढावे लागतात, बाकीचा घरखर्च दुधावर भागतो. उरतात ६०,००० रुपये. दुसऱ्या हंगामात फक्त एक एकर आडसालीचे ५५ टन, म्हणजे १,६५,००० रुपये. पीककर्ज ६५,००० आणि घरखर्च ६०,००० वजा जाता उरतात ४०,०००. तिसऱ्या हंगामात मात्र एक एकर खोडवा आणि दोन एकर आडसाल मिळून १४५ टन, म्हणजे ४,३५,००० रुपये. पीककर्ज १,७५,००० आणि घरखर्च वजा जाता २,००,००० उरतात.

या तीन हंगामांची सरासरी एक लाख येते. सरासरीकडे पाहिले तर कर्ज सहज पेलेल असे वाटते. पण हप्ता सरासरीतून भरला जात नाही, तो त्या त्या हंगामाच्या बिलातून भरावा लागतो. म्हणून कर्जाची कुवत सर्वांत अशक्त हंगामावरून ठरवावी. इथे तो दुसरा हंगाम आहे, चाळीस हजारांचा.

आता मुदत. शिल्लक मुद्दलावर शेकडा १२ व्याज आणि वर्षाला एक हप्ता धरू. तीन वर्षांची मुदत घेतली तर दरवर्षी मुद्दल ५०,००० आणि पहिल्या वर्षी व्याज १८,०००, म्हणजे पहिला हप्ता ६८,००० रुपयांचा. हातात ६०,००० आहेत. पहिल्याच हंगामात गाडी अडली! दुसरा हप्ता ६२,००० आणि हाती ४०,०००.

पाच वर्षांची मुदत घेतली तर मुद्दल दरवर्षी ३०,०००. पहिला हप्ता ४८,००० रुपयांचा होतो आणि १२,००० मागे राहतात. दुसरा हप्ता ४४,४०० रुपयांचा. त्या हंगामाचे ४०,००० आणि मागचे १२,००० मिळून ५२,००० होतात, म्हणजे हप्ता भरून ७,६०० उरतात. तिसरा हप्ता ४०,८०० रुपयांचा, आणि त्या वर्षी हातात दोन लाख आहेत. तेव्हाच राहिलेले ६०,००० मुद्दल एकदम भरून खाते बंद करता येते. तीन वर्षांच्या मुदतीत एकूण व्याज ३६,००० झाले असते, या रीतीने ४३,२०० होते. म्हणजे ७,२०० रुपये जादा देऊन थकबाकी टळली. मात्र मुदतीआधी रक्कम भरल्यास काही आकार लागतो का, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

पण दुसऱ्या हंगामातले ते ७,६०० म्हणजे जेमतेम अडीच टन ऊस. हुमणीने एक कोपरा खाल्ला किंवा तोड लांबून वजन घटले, की हप्ता चुकला. यावर उपाय बँकेत नाही, रानात आहे. खोडवा तुटल्यावर दोन्ही एकर आडसालीसाठी न ठेवता एका एकरात फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुरू लावावा. चाळीस टन धरले तर १,२०,००० रुपये होतात, आणि पीककर्ज ५५,००० वळते होऊन दुसऱ्या हंगामाला ६५,००० रुपयांचा आधार मिळतो. तिसऱ्या हंगामाचे टनेज त्यामुळे काहीसे कमी होईल, पण तिथे कमी व्हायला जागा आहे. अट एवढीच की या लागणीची नोंद वेळेवर झाली पाहिजे. नाहीतर ऊस तयार असून तोड हंगामाच्या शेवटाला जाते आणि बिल हप्त्याच्या तारखेनंतर पडते.

आणि मूळचे तीन लाख? पाच वर्षांच्या मुदतीनेसुद्धा पहिला हप्ता मुद्दल ६०,००० आणि व्याज ३६,००० मिळून ९६,००० रुपयांचा झाला असता. हाती साठच. म्हणून पडवी तिसऱ्या हंगामापर्यंत थांबवावी आणि तेव्हाच्या शिल्लकेतून बांधावी.

व्याजाच्या दराबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कोणी म्हणेल, "आमच्याकडे आठच टक्के." तेव्हा विचारावे, आठ टक्के शिल्लक मुद्दलावर की मूळ रकमेवर? दीड लाखावर मूळ रकमेने आठ टक्के म्हणजे वर्षाला १२,०००, तीन वर्षांचे ३६,०००. वर आपण शिल्लक मुद्दलावर बारा टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज काढले तेही ३६,०००च होते. हप्ते महिन्याचे असतील तर मूळ रकमेवरचे आठ टक्के त्याहूनही महाग पडतात. म्हणून दरापेक्षा एकूण किती रुपये परत करायचे आणि कोणकोणत्या तारखांना, हे कागदावर लिहून मागावे.

तेव्हा गटसचिवांकडे किंवा बँकेत जाताना प्रश्न असा न्यावा: "पाइपलाइनसाठी मला दीड लाख हवेत, तीस हजार माझे घालतो. येत्या तीन हंगामांत माझा ऊस ७०, ९५ आणि त्यानंतर अमुक टन जाईल, पीककर्ज आणि घरखर्च वजा जाता एवढे एवढे उरते. पाच वर्षांची मुदत आणि ऊसबिल पडल्यानंतरची हप्त्याची तारीख मिळेल का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे नेमके उत्तर देता येते. आणि पुष्कळदा हा हिशेब मांडता मांडताच आपले उत्तर आपल्यालाच सापडते.