फोन परत येतो, घड्याळ येत नाही

दरवर्षी जूनमध्ये अॅपलची परिषद सुरू होते, तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मध्यरात्र उलटेपर्यंत नव्या प्रणालींच्या पहिल्या बीटा आवृत्त्या उतरवून घ्यायला मिळतात. पूर्वी त्यासाठी डेव्हलपर म्हणून वर्षाची फी भरावी लागत असे. २०२३पासून साध्या नोंदणीवर हे दार उघडलं, त्यामुळे अॅप बनवणाऱ्यांसोबत हौशी लोकही पहिल्या रात्रीच नवी प्रणाली चढवून मोकळे होतात. फोनवर ही हौस केली तर ती निस्तरता येते. घड्याळाचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते बहुतेकांना घड्याळ अडकल्यावरच कळतं.

बीटा म्हणजे अजून तपासणी चालू असलेली प्रणाली. जूनमधली पहिली आवृत्ती सर्वांत कच्ची असते. साधारण जुलैत सर्वांसाठीची सार्वजनिक बीटा येते आणि सप्टेंबरमध्ये पक्की आवृत्ती. घड्याळावर बीटा चढवायची तर आधी जोडीचा आयफोन त्याच पिढीच्या बीटावर न्यावा लागतो. म्हणजे घड्याळाच्या हौसेपायी फोनही पणाला लागतो. मग फोनवरच्या वॉच अॅपमध्ये General, त्यात Software Update आणि त्यात Beta Updates इथे बीटा निवडायची. घड्याळ चार्जरवर हवं, बॅटरी निदान निम्मी भरलेली हवी आणि फोन जवळ, वायफायवर हवा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका तरुणाकडे आयफोन १३ आणि सिरीज ८चं घड्याळ आहे. जून २०२५मध्ये त्यानं फोनवर आयओएस २६ची पहिली बीटा चढवली आणि मग घड्याळावर वॉचओएस २६ची. त्याआधी घड्याळावर वॉचओएस ११ होती. सगळ्याच प्रणालींना वर्षानुसार एकच आकडा द्यायचं अॅपलनं ठरवल्यामुळे ११नंतर थेट २६ आली.

पहिल्या दिवशी घड्याळ गरम होतं आणि बॅटरी लवकर उतरते. एवढ्यानं घाबरायचं कारण नाही. प्रणाली बदलली की घड्याळ आतल्या माहितीची नव्यानं मांडणी करत बसतं, आणि ते काम एकदोन दिवसांत संपतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तेच चालू राहिलं तर मात्र खोट शोधायला हवी. त्याची साधी परीक्षा अशी: रात्री झोपताना घड्याळ काढून ठेवा, चार्जरला लावू नका आणि बॅटरीचा आकडा लिहून ठेवा. सकाळपर्यंत नुसतं पडून राहिलेलं घड्याळ पूर्वीपेक्षा बरंच जास्त उतरलं असेल, तर मागे काहीतरी अखंड चालू आहे.

आपल्या तरुणाचं घड्याळ दुपारीच मान टाकतं. शिवाय त्याचं धावण्याचं अॅप उघडता उघडता बंद पडतं, कारण त्या अॅपच्या कंपनीनं नव्या प्रणालीसाठी अजून बदल केलेले नाहीत. बीटातली मोडतोड बहुधा अशीच असते: बॅटरी, बाहेरच्या कंपन्यांची अॅप, तबकडीवरचे छोटे आकडे वेळेवर न बदलणं, फोनशी जोडणी मध्येच तुटणं. घड्याळ चालतं, पण त्याच्यावर भरवसा राहत नाही. म्हणूनच ज्यांच्या घड्याळावर हृदयाच्या ठोक्यांच्या किंवा पडल्याच्या सूचनेसाठी घरचे विसंबून आहेत, त्यांच्या हातावर बीटा नको.

कंटाळून तो मागे फिरायचं ठरवतो. फोनचं काम जमतं. संगणकाला केबलनं जोडून, रिकव्हरी मोडमध्ये नेऊन तो आयओएस १८.५ पुन्हा बसवतो. बीटाच्या आधी संगणकावर घेतलेला बॅकअप त्यानं जपून ठेवलेला असतो, तो फोनवर परत येतो. तो बॅकअप पासवर्ड लावून घेतलेला होता, म्हणून आरोग्याच्या नोंदीही त्यात असतात. बिनपासवर्डच्या बॅकअपमध्ये त्या येत नाहीत.

मग तो घड्याळ जोडायला जातो आणि तिथं गाडी अडते. घड्याळावर वॉचओएस २६ आहे, तिला आयओएस २६चाच फोन लागतो. जुन्या प्रणालीवर परतलेला फोन तिच्याशी जोडीच करत नाही. घड्याळही मागे न्यावं म्हटलं तर तशी सोयच नाही. बीटा चढवलेलं घड्याळ आधीच्या आवृत्तीवर नेता येणार नाही, असं अॅपलनं आधीच सांगून ठेवलेलं असतं. आता दोनच वाटा उरतात: फोन पुन्हा बीटावर न्या, नाहीतर सप्टेंबरपर्यंत घड्याळ कपाटात ठेवा.

हा भेद का? फोनला केबल जोडायची जागा आहे आणि त्याच्या प्रणालीची पूर्ण प्रत संगणकावर उतरवता येते. ती बसवताना अॅपलच्या सर्व्हरची मंजुरी लागते, पण चालू आवृत्तीला ती मिळते. घड्याळाला ग्राहकासाठी अशी जागाच नाही. जुन्या घड्याळांत पट्ट्याच्या खाचेत एक झाकलेलं पोर्ट होतं, ते दुरुस्ती करणाऱ्यांसाठी. सिरीज ७पासून तेही गेलं. घड्याळाच्या प्रणालीची तशी प्रतही कंपनी ग्राहकाला देत नाही.

घड्याळ पूर्णच बंद पडलं तर? तसंही घडलेलं आहे. जून २०१८मध्ये वॉचओएस ५ची पहिली बीटा चढवताना काही घड्याळं सुरूच होईनात. अॅपलला ती बीटा मागे घ्यावी लागली आणि अडकलेल्यांना ग्राहकसेवेकडे पाठवावं लागलं. २०२२मध्ये वॉचओएस ८.५पासून थोडी सोय झाली. घड्याळावर लाल उद्गारचिन्ह आलं, की ते चार्जरवर ठेवायचं, अनलॉक केलेला फोन शेजारी ठेवायचा, फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ चालू ठेवायचं आणि घड्याळाचं बाजूचं बटण लागोपाठ दोनदा दाबायचं. मग फोन घड्याळाची प्रणाली नव्यानं भरतो. पण यानं मेलेलं घड्याळ जिवंत होतं एवढंच. जुनी आवृत्ती मागून घ्यायची ही वाट नव्हे.

तेव्हा अडकलेल्यानं काय करावं? आधी घड्याळाची जोडी तोडून ते नव्यानं जोडून पाहावं. जोडी तोडताना घड्याळाचा बॅकअप आपोआप फोनवर येतो, आणि काही बिघाड एवढ्यानंच जातात. नाही गेले तर पुढच्या बीटाची वाट पाहायची. ज्याला अजून उडी घ्यायची आहे, त्यानं बीटासोबत येणारं टिपण आधी वाचावं. त्यातल्या Known Issues या भागात कंपनीला आधीच ठाऊक असलेले दोष लिहिलेले असतात. आपण रोज वापरतो ती गोष्ट त्यात दिसली तर त्या खेपेला थांबलेलं बरं.

बीटातून बाहेर पडायचा खरा रस्ता पुढूनच जातो. सप्टेंबरमध्ये पक्की आवृत्ती येते आणि बीटावरचं घड्याळ तिच्यावर चढतं. वॉचओएस २६ अशी १५ सप्टेंबर २०२५ला आली. पण नेमकं तेव्हाच Beta Updates मध्ये जाऊन Off निवडायला हवं. ते राहून गेलं तर थोड्याच दिवसांत २६.१ची बीटा समोर येते, आणि एका सकाळी सवयीनं होकार देऊन घड्याळ पुन्हा त्याच एकेरी रस्त्याला लागतं.