गोळीत औषधाशिवाय काय असतं?

गोळ्यांची एखादी स्ट्रिप उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला, तर साधारण असा क्रम दिसतो. आधी औषधाचं नाव आणि मात्रा, उदाहरणार्थ 'पॅरासिटामॉल आयपी 500 मिलिग्रॅम'. त्याखाली 'एक्सिपियंट्स क्यू. एस.' आणि शेवटी 'कलर' असं लिहून एखाद्या रंगाचं नाव. ज्याला दुधाची किंवा गव्हाची अॅलर्जी आहे, त्याच्या कामाची माहिती यातल्या मधल्या ओळीत असायला हवी. पण तिचा अर्थ एवढाच, की गोळी तयार करायला लागणारे इतर घटक आवश्यक तेवढे घातले आहेत. ते कोणते, हे ती सांगत नाही.

हे घटक घातल्याशिवाय गोळी बनत नाही. पाच मिलिग्रॅम औषधाची नुसती गोळी केली, तर ती बोटांत धरतासुद्धा येणार नाही. म्हणून आकार भरायला लॅक्टोज किंवा सेल्युलोज, कण एकमेकांना धरून ठेवायला आणि पोटात गेल्यावर गोळी फुटायला स्टार्च, ओळखू यावी म्हणून रंग, असं सगळं त्यात येतं. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांनी आधी आपला त्रास नेमका कोणता हे समजून घ्यावं, कारण काय वाचायचं ते त्यावर ठरतं.

लॅक्टोजचंच पाहा. दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात, ही दुधातली साखर न पचण्याची तक्रार आहे आणि ती प्रमाणावर अवलंबून असते. एका पेलाभर दुधात साधारण 9 ते 10 ग्रॅम लॅक्टोज असतं. गोळीत ते बहुधा काही मिलिग्रॅमपासून दोन-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत असतं. शंभर मिलिग्रॅमच्या हिशोबाने दिवसाला पाच गोळ्या घेतल्या, तरी अर्धा ग्रॅम होतो. अशा माणसाला लॅक्टोजच्या भीतीने रक्तदाबाची गोळी सोडण्याचं सहसा काही कारण नसतं.

दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी मात्र वेगळी गोष्ट आहे. औषधांतलं लॅक्टोज गाईच्या दुधापासून काढतात आणि त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो. ज्याला तीव्र अॅलर्जी आहे, त्याच्या बाबतीत हा अंशही धोक्याचा ठरू शकतो, विशेषतः औषध श्वासातून किंवा सुईवाटे जात असेल तर. दम्यासाठी ओढायच्या कोरड्या पावडरीत औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि बाकीची पावडर बहुधा लॅक्टोजची असते. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या 40 मिलिग्रॅमच्या काही इंजेक्शनांतही लॅक्टोज असतं. हे इंजेक्शन तीव्र अॅलर्जीच्या झटक्यातही देतात, त्यामुळे प्रसंग फार अवघड होतो. दुधाची अॅलर्जी असलेल्या रुग्णाची लक्षणं इंजेक्शननंतर वाढली, की डॉक्टरांना वाटू शकतं औषध कमी पडलं, आणि ते आणखी देऊ शकतात. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने 2017 मध्ये सांगितलं, की लॅक्टोज असलेलं हे इंजेक्शन दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असलेल्यांना देऊ नये. अशा मुलाच्या फाइलवर पहिल्याच पानावर 'लॅक्टोज चालत नाही' एवढंच न लिहिता 'गाईच्या दुधातील प्रथिनांची अॅलर्जी' असं स्पष्ट लिहावं. पहिलं वाक्य वाचून डॉक्टरांना पोटाची तक्रार वाटेल.

ग्लुटेनच्या बाबतीत शोधायचा शब्द आहे 'स्टार्च'. औषधांत तो बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, आणि या दोन्हींत ग्लुटेन नसतं. पण नुसतं 'स्टार्च' लिहिलं असेल, तर तो गव्हाचा नाही असं त्यावरून ठरवता येत नाही. समजा, सीलिअॅक असलेल्या मुलीला रोज घ्यायची गोळी लिहून दिली आहे आणि तिच्यातला स्टार्च गव्हाचाच निघाला. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या 2017 च्या मसुद्यातल्या अंदाजानुसार अशा एका गोळीत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन जाऊ नये. आता तुलना करू. 'ग्लुटेन-फ्री' खाद्यपदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालतं. म्हणजे अशी तीस ग्रॅम बिस्किटं खाल्ली, तर जास्तीत जास्त 0.6 मिलिग्रॅम. गोळीतलं प्रमाण त्याच्या आसपासच आहे. दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन राहिलं तर बहुतेक रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही, असं मानतात. म्हणून एका गोळीने घाबरून जायचं कारण नाही. रोज सात-आठ गोळ्या कायमच्या सुरू असतील, तर मात्र चौकशी करावी. सीलिअॅकच्या रुग्णाने खरी काळजी घ्यायची ती माल्ट घातलेल्या शक्तिवर्धक पावडरींची. माल्ट जवापासून करतात आणि जवात ग्लुटेन असतं.

रंगाची माहिती त्या मानाने सहज मिळते. औषधात रंग घातला असेल तर त्याचं नाव लेबलवर छापावं, असं आपले औषध नियम सांगतात. टारट्राझिन हा पिवळा रंग काही जणांच्या अंगावर पित्त उठवतो किंवा दमा वाढवतो. अॅस्पिरिन न चालणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं. औषधावर त्याचं नाव वाचावं, खाद्यपदार्थावर 102 हा आकडा शोधावा. गोळी पिवळी नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण हिरव्या रंगातही टारट्राझिन असू शकतं. कॅप्सूलवर 'अॅप्रूव्ह्ड कलर' एवढंच छापलेलं असेल, तर कंपनीला विचारण्यावाचून इलाज नाही. कधी कधी मार्ग सोपा निघतो. अमेरिकेत थायरॉइडची गोळी मात्रेनुसार वेगवेगळ्या रंगांत मिळते आणि 50 मायक्रोग्रॅमची पांढरी गोळी बिनरंगाची असते. रंग न चालणाऱ्या रुग्णाला तिथले डॉक्टर 100 च्या एका गोळीऐवजी 50 च्या दोन लिहून देतात.

स्ट्रिपवर जे नाही, ते कुठे मिळेल? डब्यात माहितीपत्रक असेल तर 'डिस्क्रिप्शन' किंवा 'लिस्ट ऑफ एक्सिपियंट्स' हा भाग शोधावा. 'गॅलॅक्टोज इनटॉलरन्स असलेल्यांनी घेऊ नये' अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर गोळीत लॅक्टोज आहे असं समजावं. पत्रक नसेल तर स्ट्रिपवरच्या कंपनीच्या पत्त्यावर किंवा ग्राहक क्रमांकावर ब्रँड, मात्रा आणि बॅच नंबर देऊन नेमकं विचारावं: यात लॅक्टोज आहे का, स्टार्च कशाचा आहे, रंग कोणता आहे. 'ही गोळी सुरक्षित आहे का' असं विचारलं, तर उत्तरही तसंच मोघम येतं. आलेलं उत्तर त्या ब्रँडच्या त्या मात्रेपुरतंच धरावं. केमिस्टने 'हे नाही, पण सेम कंटेंटचं आहे' म्हणून दुसरी स्ट्रिप पुढे केली, तर सारखं असतं ते फक्त औषध. बाकीचे घटक वेगळे असू शकतात, तेव्हा पुन्हा विचारावं. उत्तर येईपर्यंत चालू औषध मनाने बंद करू नये. फिटची किंवा स्टेरॉइडची गोळी अचानक थांबवणं अनेकदा त्या घटकापेक्षा घातक ठरतं. मात्र गोळी घेतल्यावर ओठ सुजले, श्वास अडकला, तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावं.

केमिस्टच्या त्याच काउंटरवर प्रोटीन पावडर आणि व्हिटॅमिनच्या काही गोळ्या खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. अशा डब्यावर सगळे घटक छापावे लागतात, दूध, सोया, शेंगदाणे, ग्लुटेन असलेली धान्यं यांचा वेगळा उल्लेखही करावा लागतो. औषधाच्या परवान्यावर बनलेल्या गोळीला हे बंधन नाही. निरोगी माणसाने हौसेने घेतलेल्या पावडरीवर जी माहिती छापावी लागते, ती आजारी माणसाला घ्याव्याच लागणाऱ्या गोळीवरही सक्तीने छापली गेली पाहिजे.