टीव्हीचा डीएनएस बदलण्याआधी

पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या घरात संध्याकाळी टीव्हीवर ॲप उघडलं, की चित्रांच्या चौकटी बराच वेळ राखाडीच राहतात. पण सिनेमा एकदा सुरू झाला की न अडकता चालतो. असं होत असेल, तर डीएनएसवर संशय घ्यावा. ॲपला सर्व्हरचं नाव ठाऊक असतं, आयपी पत्ता नसतो. तो डीएनएसला विचारावा लागतो, आणि होम स्क्रीन भरताना अशी बरीच नावं विचारली जातात. उत्तर उशिरा आलं की सगळंच खोळंबतं. उलट सिनेमा मध्येच थांबून चक्र फिरत असेल, तर दोष बहुधा वेगाचा किंवा वायफायचा. तिथे डीएनएस बदलून हाती फारसं लागत नाही.

अँड्रॉइड टीव्हीवर Settings मध्ये आपलं वायफाय निवडून IP settings उघडा. आधीचा आयपी पत्ता आणि गेटवे कागदावर उतरवून घ्या, कारण Static निवडल्यावर तेच पुन्हा भरावे लागतात. मग DNS 1 मध्ये 8.8.8.8 आणि DNS 2 मध्ये 1.1.1.1 टाका. गेटवे चुकला तर इंटरनेटच बंद पडतं. राउटरने टीव्हीचाच आयपी पत्ता एखाद्या मोबाइललाही दिला, तर जोडणी मधूनमधून तुटते. अशा वेळी सरळ DHCP वर परतावं.

आणखी एक मेख आहे. व्हिडिओ कंपन्या आपल्या प्रती ठिकठिकाणी ठेवतात आणि कुठली द्यायची, हे पुष्कळदा डीएनएसच्या प्रश्नावरून ठरतं. बाहेरच्या डीएनएसमुळे कधी लांबची प्रत वाट्याला येते. बदलानंतर सिनेमाच अडखळू लागला, तर जुनी सेटिंग बरी.