पाठीवरचे केस: वस्तरा, वॅक्स की ट्रिमर?

‘पाठीला वस्तरा लावू नकोस, दुप्पट जाड केस येतील,’ हे सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. केसाची जाडी ठरते त्वचेखाली, मुळाशी. बाहेर दिसतो तो निर्जीव भाग, त्याला कापल्याची खबर मुळापर्यंत पोचत नाही. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच पुरुषांच्या दाढीचे केस मोजून हे दाखवलं होतं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्याने ते बोथट होतं. म्हणून खुंट टोचतात आणि जाड भासतात, इतकंच.

मग खरा फरक कुठे? केस कुठे तुटतो, यात. ट्रिमर तो त्वचेच्या किंचित वर कापतो, वस्तरा त्वचेलगत आणि वॅक्स मुळापासून उपटतं. वॅक्सनंतर तीन ते सहा आठवडे पाठ गुळगुळीत राहते, पण केस कायमचे जातात हा समज चुकीचा. शिवाय नव्या केसाला त्वचेतून वाट काढावी लागते. केस कुरळा असेल तर तो आतच वळतो आणि लाल, दुखरी पुळी येते. वॅक्सला केस साधारण पाच-सहा मिलिमीटर वाढलेले लागतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नकोच, सालच निघते. गोळ्या थांबल्यावरही साधारण सहा महिने थांबावं.

बायकोकडून दाढीसारखी पाठ करून घेणं सगळ्यांत सोपं वाटतं. कष्ट मात्र तिचेच. आधी ट्रिमरने केस बारीक करायचे, कोमट पाण्याने अंघोळ, मग जेल. खांद्यावर केसांची दिशा बदलते, तेव्हा हात फिरवून ती आधी पाहायची आणि त्याच दिशेने रेझर चालवायचा. खवाट्याच्या हाडाशी दाब दिला की कापतंच, तिथे खांदा पुढे घेऊन त्वचा ताणायची. रेझर वेगळा ठेवायचा. दाढीचा वापरायचा नाही आणि तिचा तर नाहीच, त्यात रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका असतो.

समजा, डोंबिवलीतल्या एकाला रविवारी पोहायला जायचंय. रोज लोकलची गर्दी, घाम, खांद्यावर घासणारा सॅकचा पट्टा आणि पाठीवर मुरुमं. त्याने शनिवारी रात्री कंगवा न लावता ट्रिमर फिरवावा. लांब दांड्याचा असला तर कुणाची मदतही नको. ‘ट्रिमरने काम अर्धवट राहतं’ ही तक्रार खरी आहे, अर्धा-एक मिलिमीटर खुंट उरतात. पण केसाचं टोक बाहेर राहतं म्हणूनच तो आत वळत नाही. मुरुमांवरून वस्तरा फिरला तर ती कापली जातात, वॅक्सने सोलली जातात. दहा-बारा दिवसांनी ट्रिमर पुन्हा फिरवावा लागेल, हा त्याचा खर्च.

वॅक्सनंतरचा लालसरपणा एक-दोन दिवसांत ओसरतो. पुळ्या त्यानंतर वाढत गेल्या, पू धरला किंवा ताप आला, तर पिळत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.