वीटभट्टीवरच्या गाढवाची पाठ

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. तिथे घेणारा आधी जनावराचे दात बघतो. त्याच वेळी पाठीवरून हातही फिरवायला हवा. काळ्या-करड्या केसांत मधेच पांढऱ्या केसांचा ठिपका दिसला, तर तिथे कधीतरी ओझं काचलं होतं असं समजावं. दाबामुळे केसांच्या मुळातला रंग मरतो आणि पुढे तिथे पांढरेच केस येतात. कणा जिथे वर येतो, नेमक्या त्या जागी असे ठिपके जास्त आढळतात.

या जखमा केवळ घासण्याने होत नाहीत. कातडी हाड आणि ओझं यांच्यात तासन्‌तास चिमटली, की तिथला रक्तपुरवठा थांबतो. कातडी आतून मरते आणि वरून काहीच दिसत नाही. ओझं उतरल्यावर थोड्या वेळाने तिथे सूज येते. म्हणून पाठ एकदा लगेच आणि पुन्हा तासाभराने बघावी. गादी काढल्याबरोबर घामाकडेही लक्ष द्यावं. सगळी पाठ ओली आणि मधेच एखादा कोरडा डाग असेल, तर दाब तिथेच पडतो आहे.

ओझं कण्यावर टेकताच कामा नये, ते दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवरच्या मांसावर बसलं पाहिजे. त्यासाठी पेंढा भरलेल्या दोन जाड वळकट्या शिवाव्यात आणि मधे चार बोटं फट ठेवावी. कण्यावर थेट टाकलेलं दुमडलेलं पोतं कितीही जाड असलं, तरी ही फट देत नाही. पेंढा दबून चपटा झाला की बदलावा. गादीवर वाळलेला घाम आणि विटांचा चुरा राहिला, तर तो कातडीला कागदासारखा घासतो, म्हणून ती रोज झटकून उन्हात टाकावी.

1965 च्या केंद्रीय नियमांनुसार गाढवावर जास्तीत जास्त 50 किलो आणि खेचरावर 200 किलो ओझं लादता येतं. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम करून घेता येत नाही. पारा 37 अंशांच्या वर असेल, तर दुपारी बारा ते तीन काम बंद. भट्टीवर मात्र हिशोब विटांच्या संख्येत चालतो. समजा, एक वाळलेली वीट तीन किलोची आहे आणि गादी-गोणी मिळून चार किलो. मग विटांसाठी उरले 46 किलो, म्हणजे पंधरा विटा. पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणून चौदाच, सात-सात. ओलसर कच्ची वीट साडेतीन किलो भरली, तर बाराच. दहा विटा एकदा काट्यावर ठेवल्या की आपल्या भट्टीचा आकडा कळतो. बारीक किंवा कमी वयाच्या जनावराला त्याहूनही कमी द्यावं. उतरवतानाही एकदम एक बाजू रिकामी करू नये, नाहीतर गादी फिरून कण्यावर येते.

कधी कधी ओझं बरोबर असतं, गादीही चांगली असते, तरी पाठ फुटते. तेव्हा खाली पायांकडे बघावं. एक खूर दुखत असेल, तर गाढव दुसऱ्या बाजूला भार टाकून चालतं आणि गादी एकाच बाजूला घासते. पावसाळ्यात भट्टी बंद असते. जनावर मऊ, ओल्या जमिनीवर उभं राहतं, खुरं झिजत नाहीत, लांबतात. तळव्याच्या खाचांत शेण-चिखल साचून काळा, घाण वासाचा भाग सडू लागतो. रोज टाचेकडून पुढे, बोथट आकड्याने खाचा साफ कराव्यात आणि कोरडी जागा द्यावी. साधारण दीड-दोन महिन्यांनी जाणत्या माणसाकडून खुरं तासून घ्यावीत. गाढवाचं खूर घोड्यापेक्षा उभट असतं, त्याला घोड्याचा आकार देऊ नये.

आणि जनावर वाळलं की कणा वर येतो, मांसाची गादी जाते. भट्टीवर राबणाऱ्या गाढवाला सव्वाशे किलो वजनामागे रोज अडीच-तीन किलो सुका चारा लागतो: कुट्टी केलेला कडबा, भुसा, वाळलं गवत. भरडा द्यायचाच तर ओंजळभर, दोनदा विभागून. एकदम पोटभर धान्य दिल्याने पोटशूळ होतो, खुरंही सुजतात. पाणी स्वच्छ लागतं. घाणेरड्या पाण्याला गाढव तहानलेलं असूनही तोंड लावत नाही. एक दिवस जरी चाऱ्याला तोंड लावलं नाही, तरी पशुवैद्यकाला बोलवावं. विशेषतः अंगाने भरलेल्या गाढवाच्या रक्तात उपाशीपणी चरबी उतरते आणि ते दगावू शकतं.

जखम झालीच, तर उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चमचाभर मीठ घालून ती धुवावी, माश्या बसू देऊ नयेत. जळकं तेल किंवा राख लावू नये. धनुर्वात गाढवाला सहज होतो, त्यामुळे लसीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं. खपली पडली म्हणून लगेच ओझं लादू नये. नवी कातडी घट्ट होऊन त्यावर केस यावेत, अंगठ्याने दाबल्यावर जनावराने पाठ खाली घेऊ नये, तेव्हाच गादी चढवावी.